सोमवारी सकाळी जळणारा कॉम्प्रेसर

एका वर्षाच्या आत एकाच चिलरचे तीन कॉम्प्रेसर गेले. तिन्ही सर्व्हिस रिपोर्टांत कारणाच्या रकान्यात तेच तीन शब्द होते: 'मोटर वाइंडिंग जळाली'. त्यापुढे 'कॉम्प्रेसर बदलला, मशीन चालू करून दिलं', आणि खाली सही-शिक्का. प्रत्येक वेळी खर्च लाखांत, आणि प्रत्येक वेळी चार-पाच दिवस अख्खं कार्यालय पंख्यावर. चौथा कॉम्प्रेसर मागवायची वेळ आली तेव्हा हिशेब खात्याने पहिल्यांदा विचारलं की हे असं किती दिवस चालणार. तिथून मूळ कारण शोधणाऱ्या अहवालाचं काम सुरू झालं.

पुढे सांगतो आहे ते प्रकरण नमुन्यादाखल रचलेलं आहे. अशा बिघाडांत पुन्हा पुन्हा दिसणारे धागे एका जागी आणून मी ते उभं केलं आहे, म्हणून कंपनीचं नाव शोधू नये. यंत्र कसं मरतं आणि मेलेल्या यंत्राकडून ते कसं वदवून घ्यायचं, हा भाग मात्र जसा असतो तसाच आहे.

जागा नाशिकजवळची. एका कंपनीचं तीन मजली कार्यालय आणि शेजारी प्रयोगशाळा. मागच्या बाजूला पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये दोन चिलर, एकाच कंपनीचे, एकाच वर्षी घेतलेले, प्रत्येकी सुमारे ८० टनांचे. हा 'टन' वजनाचा नाही. सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उष्णता काढून टाकण्याची क्षमता म्हणजे एक टन. चिलर हवा थंड करत नाही, पाणी थंड करतो. इमारतीतून फिरून १२ अंशांवर आलेलं पाणी तो ७ अंशांवर आणून परत पाठवतो. त्या पाण्यातली उष्णता आर-२२ हा शीतक उचलतो (मेकॅनिक मंडळी त्याला नुसतं 'गॅस' म्हणतात). कॉम्प्रेसर तो गॅस दाबतो आणि कंडेन्सरमध्ये तो आपली उष्णता दुसऱ्या पाण्याला देतो. हे दुसरं पाणी गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमध्ये जाऊन निवतं. म्हणून या चिलरला वॉटर-कूल्ड म्हणायचं.

प्रत्येक चिलरमध्ये दोन कॉम्प्रेसर, मोटारसायकलच्या इंजिनासारखे पिस्टन आणि क्रँकशाफ्ट असलेले. फरक एवढाच की इथे मोटरही त्याच लोखंडी कवचात बसवलेली असते आणि थंड गॅस तिच्या अंगावरून वाहत जातो. त्यामुळे आत कुठेही काही बिघडलं, अगदी एखादं बेअरिंग झिजलं, तरी शेवटचा फटका बहुधा मोटरला बसतो. सगळे बिघाड 'मोटर जळाली' या एकाच वाक्यात येऊन संपतात ते यामुळे.

अशा चौकशीत पहिला संशय नेहमीच्या गिऱ्हाइकांवर जातो. इथे तीन संशयित ठरलेले होते. विजेचा दाब वर-खाली होतो, असं देखभालीचा कंत्राटदार म्हणत होता. कूलिंग टॉवरचं पाणी जड आहे, कंडेन्सरच्या नळ्यांत क्षार बसले असतील, असं कंपनीच्या इंजिनियरचं मत होतं. खरेदी विभागाला तर खात्रीच होती की कॉम्प्रेसर निकृष्ट आहे आणि तो वॉरंटीत बदलून मिळाला पाहिजे. तिघांकडेही आपापल्या मताला धरून एखादी गोष्ट होती. पण शेडमध्ये उभं राहिलं की या तिन्ही मतांना एकदम अडचणीत आणणारी गोष्ट समोर दिसत होती, ती म्हणजे दुसरा चिलर.

प्रयोगशाळेचा चिलर त्याच ट्रान्सफॉर्मरवर होता, त्याच कूलिंग टॉवरचं पाणी घेत होता, त्याच कारखान्यातून आला होता आणि त्याच कंत्राटदाराची माणसं त्याची देखभाल करत होती. तो वर्षाचे बाराही महिने, चोवीस तास चालायचा, म्हणजे कार्यालयाच्या चिलरपेक्षा दुपटीहून जास्त. तरी त्याचा एकही कॉम्प्रेसर गेला नव्हता. वीज, पाणी किंवा कारखाना दोषी असता तर या चिलरलाही काहीतरी व्हायला हवं होतं. अहवाल लिहिणाऱ्याने म्हणूनच 'काय बिघडलं' या प्रश्नाशेजारी 'काय बिघडलं नाही' हा प्रश्न मांडला. दोन्हींच्या मध्ये फरक कशात आहे तेवढंच शोधायचं, म्हणजे शोधाचं वर्तुळ खूप लहान होतं. फरक पहिल्याच नजरेला दिसतो: एक यंत्र कधी थांबत नाही, दुसरं रोज थांबतं.

मग लॉगबुक काढलं. भारतातल्या बहुतेक प्लँटरूममध्ये दर दोन तासांनी दाब आणि तापमानं लिहायची पद्धत असते. ती वही कोणी वाचत नाही, भरायची म्हणून भरली जाते. पण बिघाडाच्या चौकशीत तिच्याइतका बोलका साक्षीदार नाही. पहिला कॉम्प्रेसर गेला डिसेंबरमधल्या एका सोमवारी, सकाळी मशीन सुरू केल्यावर काही मिनिटांत. दुसरा २६ जानेवारीला जोडून आलेल्या सुट्टीनंतर, तोही सकाळीच. तिसरा पुढच्या वर्षी, दिवाळीच्या चार दिवसांच्या सुट्टीनंतर. एप्रिल-मेमध्ये, जेव्हा चिलरवर सगळ्यांत जास्त ताण असतो, तेव्हा काहीही झालं नव्हतं.

या तारखांनी क्षारांच्या मुद्द्यातली हवा काढून घेतली. कंडेन्सरमध्ये क्षार साचले की गॅसची उष्णता पाण्याला जाईनाशी होते, दाब चढतो, कॉम्प्रेसर तापतो. हे दुखणं मे महिन्याच्या दुपारी उठणार, थंडीतल्या सकाळी नाही. आकडेही तेच सांगत होते. भर उन्हाळ्यातल्या नोंदींत कंडेन्सरच्या बाजूचा दाब २१० पीएसआयच्या आसपास होता. आर-२२ साठी या दाबाला तापमान येतं सुमारे ४०.५ अंश. कंडेन्सरमधून बाहेर पडणारं पाणी ३७ अंशांचं. दोन्हींतलं अंतर साडेतीन अंशांचं. नळ्या स्वच्छ असल्या की अंतर असंच लहान राहतं, क्षार बसत गेले की ते वाढत जातं. इथे वाढलं नव्हतं. पाणी जड होतं हे खरं, पण नळ्या वेळच्या वेळी साफ होत होत्या.

आता मेलेल्या कॉम्प्रेसरकडे वळायचं. इथे अहवालाचं पहिलं दुर्दैव: पहिला कॉम्प्रेसर जुन्याच्या बदल्यात नवा या सौद्यात परत गेला होता, कोणीही न उघडता. दुसरा रिवाइंडिंगच्या दुकानात उघडला गेला, पण त्याचे मोबाइलवर काढलेले चार फोटोच तेवढे उरले होते. तिसरा मात्र अजून शेडच्या कोपऱ्यात पडून होता. तो सर्वांसमक्ष उघडायचा, आधी तेलाचा नमुना घ्यायचा, आणि काहीही पुसण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो काढायचा, असं ठरलं.

जळालेली वाइंडिंग कशी जळाली आहे, यावरून बरंच कळतं. तीनपैकी एक फेज गेली असेल तर स्टार जोडणीच्या मोटरमध्ये दोन फेजांची वाइंडिंग काळी पडते आणि तिसरी जवळजवळ नवी दिसते. मोटर एकूणच तापून गेली असेल तर सगळी वाइंडिंग सारखीच करपते. इथे दोन्ही नव्हतं. रुपयाच्या नाण्याएवढा एकच डाग जळून खड्डा पडला होता, बाकी तारांवरचं वार्निश चकचकीत होतं. त्या डागाच्या आसपास बोटाला कचकच लागत होती. ते धातूचे बारीक कण होते. म्हणजे विजेने मोटर मारलेली नव्हती. कुठून तरी धातू झिजून आला, तारांमध्ये रुतला, त्याने इन्सुलेशन कापलं आणि मग शॉर्ट झाला. मोटर शेवटी मेली. आधी काय झिजलं?

क्रँकशाफ्ट बाहेर काढल्यावर उत्तर मिळालं. एका जर्नलवर, म्हणजे कनेक्टिंग रॉड जिथे बसतो त्या गुळगुळीत भागावर, खोल ओरखडे आणि त्यावरचा रॉड तुटलेला. शेजारचं जर्नल जवळजवळ निर्दोष. त्यापलीकडचं पुन्हा खरवडलेलं. तेल मात्र कवचात भरपूर होतं. जाणकार मेकॅनिकला हा असमान नमुना पुरेसा असतो. तेल संपून कॉम्प्रेसर गेला असता तर सगळी जर्नलं सारखीच ओरखडलेली दिसली असती आणि कवच कोरडं असतं. चालू असताना द्रवरूप गॅस सतत परत येत राहिला असता तर झीज तेलाच्या पंपापासून दूर जाताना क्रमाने वाढत गेली असती. व्हॉल्व्ह प्लेट काळपट पडली असती तर अतिउष्णतेकडे बोट गेलं असतं, पण ती स्वच्छ होती. कुठे झीज आहे, कुठे नाही, आणि त्यात काही क्रम नाही, हे चित्र यंत्र सुरू होतानाच्या पहिल्या काही मिनिटांत झालेल्या इजेचं असतं. दुसऱ्या कॉम्प्रेसरच्या चार फोटोंपैकी एकात क्रँकशाफ्टचा कडेचा भाग आला होता. तिथेही एक जर्नल खराब, एक चांगलं.

द्रव परत येण्याची शंका कागदावरही तपासून घेतली. इव्हॅपोरेटरमधून कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या गॅसचा दाब ६२ पीएसआय होता. या दाबाला आर-२२ साधारण २ अंशांना उकळतो. पाइपवर थर्मामीटर लावला तर गॅस ८ अंशांचा. म्हणजे उकळून पूर्ण वाफ झाल्यानंतरही तो सहा अंशांनी तापून येत होता, त्यात थेंब असण्याचं कारण नव्हतं. चालू असताना यंत्र निरोगी होतं. दुखणं सुरू होतानाचं होतं.

एवढं कळल्यावर लॉगबुक पुन्हा वाचलं, या वेळी फक्त सोमवारची पानं. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरांत पुन्हा पुन्हा लिहिलेलं दिसलं: 'ओ.पी. ट्रिप. रीसेट केला.' ओ.पी. म्हणजे ऑइल प्रेशर. तेलाचा पंप पुरेसा दाब देतो आहे का यावर एक स्विच नजर ठेवतो. अंदाजे दोन मिनिटं दाब कमी राहिला तर तो कॉम्प्रेसर बंद पाडतो आणि हाताने दाबल्याशिवाय परत चालू होऊ देत नाही. हाताने दाबायला लावण्यामागे उद्देश हाच की माणसाने तिथे येऊन बघावं.

सकाळच्या पाळीच्या ऑपरेटरकाकांना विचारलं, तेव्हा ते सहज म्हणाले, "सोमवारी ते जरा रुसतंच, साहेब. दोन-तीनदा रीसेट मारला की लागतं लाइनीवर."

"काका, साइट ग्लासमध्ये तेव्हा काय दिसतं?"

"फेस. सगळा पांढरा फेस. मग बसतो खाली."

हे त्यांनी कोणापासून लपवलं नव्हतं. त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

तो फेस म्हणजे या प्रकरणाचा गाभा. आर-२२ आणि कॉम्प्रेसरचं तेल यांची एकमेकांशी घट्ट मैत्री आहे. यंत्र बंद असताना गॅस हळूहळू तेलात विरघळत राहतो, आणि तेल जितकं थंड तितका जास्त विरघळतो. शिवाय बंद यंत्रणेत गॅस नेहमी सगळ्यांत थंड जागेकडे सरकतो आणि तिथे द्रव होऊन साचतो. कॉम्प्रेसरच ती थंड जागा झाला तर त्याच्या तळाशी तेल आणि द्रवरूप गॅस यांचं मिश्रण जमतं. द्रव आर-२२ तेलापेक्षा जड असतो, म्हणून गॅसने भरलेला थर खाली बसतो, आणि तेलपंपाचं तोंड नेमकं खालीच असतं. सकाळी बटण दाबलं की कवचातला दाब एकदम उतरतो. सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर होतं तसंच तेलात विरघळलेला गॅस उसळून बाहेर येतो, सगळ्याचा फेस होतो. पंप फेस आणि द्रव गॅस ओढतो. हा द्रव वंगण तर करत नाहीच, उलट चांगला द्रावक असल्याने बेअरिंगवर उरलंसुरलं तेल धुऊन नेतो. पुढची दोन मिनिटं क्रँकशाफ्ट धातूवर धातू घासत फिरतो. मग ओ.पी. ट्रिप येतो. मग रीसेट, आणि पुन्हा दोन मिनिटं तेच. एका सकाळी तीन रीसेट म्हणजे यंत्राचं काही महिन्यांचं आयुष्य.

हे होऊ नये म्हणून कॉम्प्रेसरच्या तळाशी एक साधा हीटर असतो, क्रँककेस हीटर. इथे तो २०० वॉटचा होता. यंत्र बंद असताना त्याने चालू राहायचं आणि तेल उबदार ठेवायचं, म्हणजे गॅस तिकडे फिरकत नाही. यंत्र बरेच दिवस बंद असेल तर सुरू करण्याआधी साधारण २४ तास हीटर लावून ठेवा, ही सूचना अशा यंत्रांच्या पुस्तिकांमध्ये नेहमीची. मग इथे हीटर काय करत होता? हीटर ठणठणीत होता. त्याला रात्री वीजच मिळत नव्हती.

पहिल्या बिघाडाच्या दोन महिने आधी, ऑक्टोबरमध्ये, कंपनीत वीजबचतीची तपासणी झाली होती. तिच्या शिफारशींवरून परिपत्रक निघालं: कार्यालय सुटल्यावर सर्व अनावश्यक उपकरणांचे मेन स्विच बंद करावेत. दिवे, संगणक, छपाईयंत्रं यांच्यासाठी ते योग्यच होतं. संध्याकाळच्या ऑपरेटरने आज्ञेप्रमाणे चिलरच्या पॅनेलचा आयसोलेटरही खाली ओढायला सुरुवात केली. हीटरची वायर त्याच आयसोलेटरच्या खालून निघत होती. पॅनेलवर तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. वाचत होती ती वीज मोजून पाहू: दोन हीटर, ४०० वॉट, रात्रीचे दहा तास, म्हणजे ४ युनिट. रोजचे चाळीस-पन्नास रुपये.

आयसोलेटर ओढण्याने दुसराही एक घोटाळा होत होता, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पॅनेलवरचं बंद करण्याचं बटण दाबलं तर हे यंत्र लगेच थांबत नाही. आधी द्रव गॅसच्या वाटेवरचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह मिटतो, कॉम्प्रेसर इव्हॅपोरेटरमधला गॅस ओढून कंडेन्सरच्या बाजूला जमा करतो, आणि दाब पुरेसा उतरला की मग स्वतः थांबतो. याला पंप-डाउन म्हणतात. आयसोलेटर ओढला की हे सगळं जागच्या जागी खुंटतं आणि इव्हॅपोरेटर गॅसने भरलेला राहतो. म्हणजे एकाच हालचालीने गॅस मोकळाही सुटला आणि त्याला अडवणारा हीटरही बंद झाला.

इथे चाणाक्ष वाचक विचारेल की आयसोलेटर रोज रात्री बंद होत होता, मग घोटाळा सोमवारीच का? अहवालाच्या पहिल्या मसुद्यात याला उत्तर नव्हतं आणि व्यवस्थापनाने तो याच मुद्द्यावर परत पाठवला. ते बरंच झालं, कारण उत्तर शोधताना निष्कर्ष पक्का झाला. मंगळवार ते शनिवारच्या रात्री कॉम्प्रेसर दिवसभर चालून गरम असतो, त्याचं जाड लोखंड निवायला वेळ घेतं. इव्हॅपोरेटरमध्ये मात्र थंड पाणी भरलेलं असतं. थंड जागा तीच, म्हणून गॅस बहुतेक तिथेच राहतो. सुट्टीच्या दिवशी चित्र उलटतं. रविवारी दिवसभरात त्या पाण्याचं तापमान हळूहळू विशीवर जातं आणि जाड आवरणामुळे रात्रीही ते फारसं उतरत नाही. कॉम्प्रेसरला आवरण नाही. उघड्या शेडमध्ये नाशिकच्या थंडीत पहाटेपर्यंत तो दहा-बारा अंशांवर येतो. आता थंड जागा तो झाला, आणि गॅस रात्रभर त्याच्याकडे येत राहतो. सोमवार, हिवाळा, लांब सुट्टी, तिन्हींचा अर्थ एकदम लागला.

तरीही हे सगळं तर्काने जुळवलेलं होतं. डोळ्यांनी बघायचं तर काय करावं? गॅसने भरलेला कॉम्प्रेसर मुद्दाम सुरू करून दाखवणं म्हणजे चौथा बळी. म्हणून चाचणी बंद यंत्रावरच घेतली. एका शनिवारी दोन्ही कॉम्प्रेसर रोजच्यासारखे आयसोलेटर ओढून थांबवले, पण एकाच्या हीटरला बाहेरून तात्पुरती वीज दिली. सोमवारी पहाटे काहीही सुरू न करता फक्त पाहिलं. हीटर चालू असलेल्या कॉम्प्रेसरचा तळ हाताला चांगला गरम लागत होता, आणि साइट ग्लासमध्ये तेलाची पातळी शनिवारी खूण केली होती तिथेच होती. दुसऱ्याचा तळ गार, आणि साइट ग्लास वरपर्यंत भरलेला. तेल वाढत नसतं, वाढला होता तो गॅस. मग त्याचाही हीटर लावला. काही वेळाने काचेत बारीक बुडबुडे दिसू लागले आणि दिवसभरात पातळी उतरत उतरत खुणेवर आली. त्या दिवशी कार्यालयाने एकाच कॉम्प्रेसरवर भागवलं. कंत्राटदाराचा विजेचा मुद्दा त्यानंतर कोणी काढला नाही.

'का' हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत खाली जाण्याची पद्धत टोयोटा कंपनीमुळे जगभर गेली. ताइची ओनो यांनी आपल्या पुस्तकात तिचं जे उदाहरण दिलं, तेही योगायोगाने तेलाचंच आहे: यंत्र थांबलं कारण फ्यूज उडाला, फ्यूज उडाला कारण बेअरिंगला वंगण मिळेना, वंगण मिळेना कारण पंप नीट ओढत नव्हता, पंपाचा दांडा झिजला होता, आणि तो झिजला कारण गाळणी नसल्याने धातूचा कीस आत गेला. फ्यूजवर थांबलं असतं तर फ्यूज बदलत बसावं लागलं असतं. आपल्या प्रकरणात तीन वेळा नेमकं तेच झालं होतं. पण ही पद्धत वापरताना एक मोह होतो, शेवटच्या 'का'ला एखाद्या माणसाचं नाव देऊन मोकळं होण्याचा. 'ऑपरेटरने आयसोलेटर बंद केला' इथे थांबणं सोपं होतं, आणि एका मसुद्यात 'ऑपरेटरची चूक' असे शब्द आलेही होते. ते खोडले गेले. त्या माणसाने लेखी आदेश पाळला होता. आदेश काढणाऱ्याला हीटर त्या स्विचखाली आहे हे माहीत नव्हतं, आणि माहीत होण्याची सोय पॅनेलवर नव्हती. यंत्र बंद करण्याची रीत बदलताना यंत्र जाणणाऱ्या कोणालाही विचारायचं नाही, ही कंपनीतली पद्धत अहवालाने मूळ कारण म्हणून नोंदवली. परिपत्रकाचा क्रमांक आणि तारखेसकट.

एक जोडकारणही नोंदवलं गेलं. मोटर जळते तेव्हा गॅस आणि तेल यांचं विघटन होऊन आम्ल तयार होतं, आणि ते सगळ्या पाइपांत पसरतं. नवा कॉम्प्रेसर लावताना ते काढलं नाही तर नव्या मोटरचं इन्सुलेशन पहिल्या दिवसापासून कुरतडलं जातं. तिसऱ्या कॉम्प्रेसरच्या तेलाची आम्लचाचणी सकारात्मक आली. पण तो स्वतःही जळालेलाच होता, त्यामुळे हे आम्ल त्याचं की आधीच्या बिघाडाचं, हे ठरवता आलं नाही. मात्र बिलं तपासल्यावर आधीच्या दोन्ही वेळी फिल्टर-ड्रायरचे गाभे बदलल्याची नोंद सापडली नाही. म्हणून अहवालाने एवढंच म्हटलं की आम्लाने बिघाडाला हातभार लावला असणं शक्य आहे. पहिल्या कॉम्प्रेसरबद्दल तर 'बहुधा' हाच शब्द वापरला, कारण तो कोणी उघडलेला नव्हता. वॉरंटीच्या आशेवर असलेल्या खरेदी विभागाला हे रुचलं नाही.

शिफारशींतली पहिली दुरुस्ती एका दिवसाची होती. हीटरची वायर आयसोलेटरच्या आधीच्या बाजूने, स्वतःच्या ब्रेकरवर घ्यायची. त्या ब्रेकरवर ठळक मराठीत पाटी लावायची की हा बंद केल्यास कॉम्प्रेसर खराब होईल. सोबत एक छोटा अँपिअर मीटर. तो का, तर दिवा लागला म्हणजे हीटरपर्यंत वीज पोचली एवढंच कळतं. हीटरची तार आतून तुटली असेल तर दिवा तरीही लागलेला राहतो आणि मीटर शून्य दाखवतो.

दुसरी शिफारस थांबवण्याची रीत बदलण्याची. रोज बटणाने बंद करायचं, पंप-डाउन पुरा होऊ द्यायचा, आयसोलेटरला दुरुस्तीशिवाय हात लावायचा नाही. इथे एक सावधगिरी अहवालाने मुद्दाम लिहिली आहे. पंप-डाउन होत असताना इव्हॅपोरेटरमधलं तापमान शून्याखाली जाऊ शकतं, म्हणून तेवढा वेळ थंड पाण्याचा पंप चालूच राहिला पाहिजे. पाणी स्थिर राहिलं तर आत बर्फ धरून नळी फुटू शकते, आणि मग पाणी गॅसमध्ये शिरतं. एक रोग बरा करताना त्याहून मोठा रोग लावून घ्यायला नको.

तिसरी शिफारस कंट्रोल पॅनेलची. कवचावर तापमानाचा सेन्सर बसवायचा आणि तेल परिसरापेक्षा किमान दहा-बारा अंशांनी गरम असल्याशिवाय यंत्र सुरूच होऊ द्यायचं नाही. यावर वाद झाला. वीज गेली आणि परत आली तर कार्यालयाने काही तास ताटकळत बसायचं का? प्रयोगशाळेच्या चिलरचं थंड पाणी जोडून घेण्याचा व्हॉल्व्ह आधीपासून होता, त्यामुळे वाद मिटला. तो नसता तर ही शिफारस बहुधा कागदावरच राहिली असती. ओ.पी. ट्रिप एकदाच रीसेट करायचा, दुसऱ्यांदा आला तर साइट ग्लासचा फोटो काढून इंजिनियरला फोन करायचा, हा नियम मात्र कोणी नाकारला नाही. पुढे कुठलाही कॉम्प्रेसर गेला तर तो उघडून पाहिल्याशिवाय आवाराबाहेर जाणार नाही, आणि जळाल्यानंतर आम्लचाचणी निर्दोष येईपर्यंत ड्रायरचे गाभे बदलत राहायचे, हेही कंत्राटात घालून घेतलं.

राहिला प्रश्न पडताळणीचा. 'वर्षभर काही जळालं नाही' हा पुरावा फार उशिरा हाती येतो, आणि तोही योगायोग असू शकतो. म्हणून अहवालाने दोनच गोष्टी रोज लिहायला सांगितल्या: सुरू करण्याआधी तेलाचं तापमान, आणि सुरू केल्यावर ओ.पी. ट्रिप आला की नाही. तापमान ठीक असेल तर सोमवारचे ट्रिप पहिल्याच महिन्यात थांबायला हवेत. फेरतपासणीची तारीख पुढच्या दिवाळीच्या सुट्टीनंतरची पहिली सकाळ ठरली, कारण चार दिवस थंड पडून राहण्याहून कडक परीक्षा या यंत्राला वर्षात दुसरी नाही. तेल गरम असूनही त्या दिवशी साइट ग्लासमध्ये फेस दिसला, तर हीटरचा निष्कर्ष अपुरा धरायचा, सोलेनॉइड व्हॉल्व्ह आतून गळतो आहे का ते आधी तपासायचं, आणि इव्हॅपोरेटरमधून द्रव परत येण्याची शंका पुन्हा पहिल्यापासून घ्यायची, असं शेवटच्या पानावर लिहून खाली तिघांच्या सह्या आहेत. कंत्राटदाराचीही.